एकाच पीपीटीतून तीन मीटिंगा: पॉवरपॉइंटमधला कस्टम शो कसा बनवायचा

तुमच्याकडे एक मोठी पीपीटी आहे, समजा तीस स्लाइडची, आणि तीच तुम्हाला वेगवेगळ्या लोकांसमोर दाखवायची आहे, तर बहुतेक जण काय करतात, फाइलची कॉपी काढतात, नको त्या स्लाइड डिलीट करतात आणि नाव देतात मॅनेजमेंट फायनल, मग स्टाफ फायनल, मग स्टाफ फायनल दोन. आठवड्याभरात एखादा आकडा बदलतो आणि तो चार फाइलींत जाऊन बदलावा लागतो, त्यातली एक हमखास राहते. मी असं बरीच वर्षं केलंय आणि एकदा तर एकाच दिवशी दोन मीटिंगांत दोन वेगळ्या तारखा दाखवल्या, कारण एका कॉपीत जुनी तारीख तशीच राहिली होती. दुसऱ्या मीटिंगमध्ये सकाळच्या मीटिंगमधला एक माणूस बसला होता आणि त्यानेच विचारलं की नक्की कुठली तारीख धरायची.

यावर पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे, तिला कस्टम शो म्हणतात. फाइल एकच ठेवायची आणि तिच्या आत याद्या बनवायच्या, की मॅनेजमेंटला दाखवताना या आठ स्लाइड या क्रमाने, स्टाफला या पंधरा, आयटीवाल्यांना या अकरा. इथे एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा, पुढचं जवळपास सगळं त्यातूनच येतं: कस्टम शोमध्ये स्लाइडची कॉपी नसते, फक्त यादी असते. यादी मूळ स्लाइडकडे बोट दाखवते. त्यामुळे मूळ स्लाइडवर काही बदललंत की तिन्ही शोमध्ये आपोआप बदललेलंच दिसतं, आणि मूळ स्लाइड उडवलीत तर ती तिन्ही शोमधून उडते, तीही काही न विचारता.

मी खाली सांगतोय ते कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या पॉवरपॉइंटबद्दल आहे, विंडोजवरच्या. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्येही `Slide Show` मेनूत कस्टम शो आहे आणि कल्पना तीच आहे. गूगल स्लाइड्स आणि कीनोटमध्ये मात्र हे नाही, तिथे फक्त एखादी स्लाइड स्किप करता येते, म्हणजे एका वेळी एकच छोटं व्हर्जन.

उदाहरणाला ही पीपीटी घेऊ

समजा ऑफिसमध्ये रजेचे अर्ज कागदावरून ऑनलाइन न्यायचे आहेत आणि त्याची तीस स्लाइडची पीपीटी आहे. १ नंबरला टायटल, २ वर बदल का करतोय, ३ वर सध्या अर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागतात त्याचा चार्ट. ४, ५ आणि ६ या तीन वेगवेगळ्या अजेंडा स्लाइड आहेत, त्या का ते पुढे सांगतो. ७ वर अर्ज कुठून कुठे जातो त्याचं एक चित्र. ८ ते १५ अर्ज भरण्याचे स्क्रीनशॉट, एकेक स्टेप. १६ ते १८ वरिष्ठांनी मंजुरी कशी द्यायची. १९ खर्च, २० वेळापत्रक, २१ धोके. २२ ते २७ आयटीचा मामला, लॉगिन, बॅकअप, परवानग्या वगैरे. २८ नेहमीचे प्रश्न, २९ अडलं तर कोणाला विचारायचं, ३० शेवटची प्रश्नोत्तरांची स्लाइड.

ही सगळी एकदम कोणालाच दाखवायची नाहीये. ही नुसती कोठी आहे, हवं ते हिच्यातून काढायचं.

शो बनवण्याआधी टायटल बघा

हे काम कंटाळवाणं आहे पण आधीच करा. कस्टम शो बनवताना जी विंडो उघडते तिच्यात स्लाइडची चित्रं दिसत नाहीत, फक्त नंबर आणि टायटल दिसतं. आता आपल्यापैकी बरेच जण काय करतात, लेआउटमधली टायटलची चौकट डिलीट करून तिथे स्वतःचा टेक्स्ट बॉक्स टाकतात, कारण तो हवा तिथे सरकवता येतो. डोळ्याला ते टायटलसारखंच दिसतं पण पॉवरपॉइंटच्या लेखी त्या स्लाइडला टायटलच नसतं, आणि मग यादीत नुसतं `Slide 11`, `Slide 12`, `Slide 13` असं येतं. आठ स्क्रीनशॉटच्या स्लाइड अशा एकाखाली एक आल्या की कुठली कोणती ते कळायला मार्ग नाही, मग माणूस विंडो बंद करतो, स्लाइड बघतो, परत उघडतो, आणि तेवढ्यात काय टिक केलं होतं तेच विसरतो.

तपासायचं कसं, तर `View` टॅबमध्ये `Outline View` दाबा. डावीकडे प्रत्येक स्लाइडच्या नंबरासमोर तिचं टायटल दिसतं, ज्या नंबरासमोर रिकामं आहे तिथे टायटल नाही. त्याच रिकाम्या जागेत कर्सर ठेवून टाइप केलंत तरी चालतं. आणखी एक बघा, आठही स्लाइडना "अर्ज कसा भरायचा" हेच टायटल असेल तर तेही कामाचं नाही. "अर्ज: रजेचा प्रकार निवडणे", "अर्ज: तारखा टाकणे", "अर्ज: कारण लिहिणे" असं वेगळं वेगळं करा, बघणाऱ्यालाही त्याने सोपं जातं.

आता पहिला शो, मॅनेजमेंटचा

`Slide Show` टॅबवर जा, तिथे डावीकडेच `Custom Slide Show` असं बटण आहे, ते दाबलं की खाली `Custom Shows...` येतं, त्यावर क्लिक करा. एक छोटी विंडो उघडेल, पहिल्यांदा अर्थातच रिकामी. `New...` दाबा.

आता जी विंडो आली तिचं नाव `Define Custom Show`. वर `Slide show name` मध्ये आधीच `Custom Show 1` लिहिलेलं असतं, ते ताबडतोब बदला, नंतर बदलू म्हणून ठेवलं की ते राहतंच आणि महिन्याने `Custom Show 3` कोणाचा होता ते आठवत नाही. मी नावात कोणासाठी आणि किती मिनिटांचा एवढं टाकतो, जसं "मॅनेजमेंट १० मिनिटं".

खाली दोन भाग आहेत. डावीकडे तुमच्या सगळ्या तीस स्लाइड, प्रत्येकीपुढे टिकचा चौकोन, उजवीकडे रिकामी जागा जिथे शोची यादी बनेल. डावीकडे टिक करायचं, मधलं `Add` दाबायचं, स्लाइड उजवीकडे जातात. मॅनेजमेंटसाठी १, ३, ४, ७, १९, २०, २१ आणि ३० टिक करा आणि `Add`. उजवीकडे आठ ओळी येतील, मूळ फाइलच्या क्रमाने.

आता क्रम बघा, कारण नुसत्या स्लाइड कमी करून काम होत नाही. मॅनेजमेंटच्या लोकांना बहुतेक वेळा पहिल्यांदा हे हवं असतं की आमच्याकडून काय पाहिजे आणि खर्च किती, चार्ट आणि चित्र त्यानंतर. स्टाफला खर्चाशी देणंघेणं नाही. म्हणून या शोमध्ये मी अजेंडाची ४ नंबरची स्लाइड टायटलनंतर घेतो आणि खर्चाची १९ नंबरची तिच्या पाठोपाठ. उजव्या यादीतली ओळ सिलेक्ट करा, बाजूला वरचा आणि खालचा बाण आहे, त्याने वर ढकला. क्रम आता १, ४, १९, ३, ७, २०, २१, ३० असा झाला. मूळ फाइलमध्ये १९ नंबर १९ वरच आहे, तिथे काहीही हललेलं नाही. चुकून काही जास्त आलं असेल तर बाणांच्या बरोबरच फुलीचं बटण आहे, त्याने ती ओळ यादीतून जाते, स्लाइड डिलीट होत नाही, घाबरू नका.

`OK` दाबा, आणि त्या पहिल्या विंडोत `Show` बटण आहे ते दाबून लगेच एकदा चालवून बघा. बंद करायचं असेल तर `Close`. आणि हो, फाइल सेव्ह करा, शोची यादी फाइलमध्येच राहते, सेव्ह नाही केलं तर यादीही गेली.

स्टाफचा शो याच पद्धतीने: १, ५, २, ७, मग ८ ते १५, मग २८, २९, ३०, एकूण पंधरा. इथे ५ ही स्टाफची अजेंडा स्लाइड आहे आणि ती २ च्या आधी आणलीये. आयटीचा: १, ६, ७, २२ ते २७, २० आणि ३०, म्हणजे अकरा. वरिष्ठांच्या मंजुरीच्या १६ ते १८ या तिन्हींपैकी कशातच नाहीत, त्यांचा चौथा शो करता येईल, त्यासाठी स्टाफच्या शोवर क्लिक करून `Copy` दाबा, `Copy of` असं नाव लागून तसाच दुसरा शो तयार होतो, मग `Edit...` करून नाव बदला आणि १६ ते १८ टाका. नवीन टाकलेल्या स्लाइड यादीत खाली जाऊन बसतात, त्या बाणाने जागेवर आणायला विसरू नका, नाहीतर प्रश्नोत्तरांनंतर मंजुरी सुरू होते.

अजेंडा तीन का, आणि वाक्यं कशी अडकतात

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, लोकांसमोर उभं राहिल्यावर कळलं. एकच अजेंडा स्लाइड सगळ्या शोमध्ये घेतलीत तर त्यात खर्च, लॉगिन, मंजुरी सगळं लिहिलेलं असतं आणि स्टाफ विचारतो की खर्चाचं दाखवणार होतात ना. म्हणून प्रत्येक शोला आपली अजेंडा स्लाइड, तिन्ही मूळ फाइलमध्ये शेजारी शेजारी.

तीच गोष्ट स्लाइडवरच्या वाक्यांची. "मागच्या स्लाइडवर पाहिल्याप्रमाणे", "पुढे आपण खर्च पाहू", "वरील तिसरा मुद्दा" असलं काही स्लाइडवर लिहिलं असेल तर ते काढून टाका, कारण मागची स्लाइड आता प्रत्येक शोमध्ये वेगळी आहे. चार्टच्या स्लाइडवर माझ्याकडे "आधी पाहिलेल्या कारणांमुळे" असं होतं, ते २ नंबरच्या स्लाइडवरच्या कारणांबद्दल होतं, पण मॅनेजमेंटच्या शोमध्ये २ नंबर आहेच कुठे. प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी समजली पाहिजे, एवढी एक कसोटी लावा.

कोपऱ्यातल्या स्लाइड नंबरचंही बघा. कस्टम शो चालवताना कोपऱ्यात मूळ फाइलमधलाच नंबर दिसतो, म्हणजे मॅनेजमेंटला १, ४, १९, ३ असे नंबर दिसणार, आणि कोणीतरी विचारणारच की मधल्या चौदा स्लाइड कुठे गेल्या. पॉवरपॉइंटमध्ये शोप्रमाणे नंबर बदलण्याची सोय नाही. मी अशा फाइलमध्ये नंबर काढूनच टाकतो, `Insert` मध्ये `Header & Footer`, तिथे `Slide number` ची टिक काढायची आणि `Apply to All`.

बोलण्याच्या नोट्सही एका स्लाइडला एकच असतात, तसंच अॅनिमेशन आणि रिहर्सलची वेळही, शोप्रमाणे वेगळी ठेवता येत नाही. ७ नंबरचं चित्र तिन्ही शोमध्ये आहे पण बोलायचं वेगळं, म्हणून नोट्समध्ये मी "मॅनेजमेंट:", "स्टाफ:", "आयटी:" असे तीन तुकडे करून लिहितो, आपल्याला हवा तो वाचायचा.

मीटिंगमध्ये सुरू कसा करायचा

साधा रस्ता म्हणजे `Slide Show` टॅब, `Custom Slide Show`, आणि खाली तुमच्या शोंची नावं दिसतात त्यातलं एक. पण प्रोजेक्टर लागलेला, लोक बघतायत, आणि आपण सवयीने एफ५ दाबतो, की पूर्ण तीस स्लाइडचा शो सुरू. हे टाळायचं तर मीटिंगच्या आधी `Set Up Slide Show` दाबा, त्यात `Show slides` खाली `Custom show` निवडा आणि बाजूच्या यादीतून तो शो. आता एफ५ दाबलं की तोच चालेल.

पण ही सेटिंग फाइलबरोबर सेव्ह होते, आणि इथेच दुसऱ्याचा घोळ होतो. मी एकदा मॅनेजमेंटची मीटिंग झाल्यावर फाइल तशीच सेव्ह करून सहकाऱ्याला दिली, तिने ट्रेनिंगला एफ५ दाबलं, आठ स्लाइड झाल्या आणि शो संपला, एकही स्क्रीनशॉट आला नाही. तिला वाटलं फाइल खराब झाली म्हणून तिने ती बंद करून परत उघडली, परत तेच. डावीकडे सगळ्या स्लाइड दिसतायत पण शोमध्ये येत नाहीत, असं कधी झालं तर फाइल ठीक आहे असं समजा आणि आधी `Set Up Slide Show` उघडून `All` करा. तिची पंधरा मिनिटं गेली त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून आता मीटिंग संपल्या संपल्या मी ते `All` वर आणतो.

स्लाइड हाइड करायची सोय आणि कस्टम शो एकत्र वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हाइड ही खूण स्लाइडवर असते, शोवर नसते, त्यामुळे एका मीटिंगसाठी हाइड केलेली स्लाइड दुसऱ्या शोमध्येही हाइडच असते. शो बनवण्याच्या विंडोत ज्या स्लाइडचा नंबर कंसात दिसतो ती हाइड केलेली आहे, अशा सगळ्या आधी अनहाइड करा आणि कोणाला काय दाखवायचं ते फक्त याद्यांवर सोडा.

नंतर फाइल बदलताना

शो बनवणं दहा मिनिटांचं काम आहे, खरी काळजी नंतर घ्यावी लागते. समजा ऑनलाइन अर्जाची स्क्रीन बदलली आणि ११ नंबरचा स्क्रीनशॉट जुना झाला. सहज आपण काय करतो, नवीन स्लाइड बनवतो, जुनी डिलीट करतो. झालं, स्टाफच्या शोमधून ती स्टेप गेली. नवीन स्लाइड मूळ फाइलमध्ये बरोबर ११ नंबरवर बसलेली आहे, टायटल तेच आहे, पण यादी नंबराकडे किंवा टायटलकडे बघत नाही, ती त्या विशिष्ट स्लाइडकडे बघते, आणि ती स्लाइड आता राहिली नाही. काही मेसेज येत नाही, शो गुपचूप चौदा स्लाइडचा होतो, आणि ट्रेनिंगमध्ये तारखा टाकण्याची स्टेप आल्याशिवायच कारण लिहिण्याची येते.

म्हणून स्लाइड ठेवायची आणि आतला मजकूर बदलायचा. स्क्रीनशॉटवर राइट क्लिक करून `Change Picture` मधून नवीन चित्र घ्या, चित्र त्याच जागी येतं, अॅनिमेशन असेल तर तेही राहतं.

स्लाइड मागेपुढे करायची असेल तर डावीकडच्या पट्टीत माउसने ओढून न्या, शोला काही होत नाही, शोचा क्रम वेगळा असतो. पण कट करून दुसरीकडे पेस्ट केलीत तर पॉवरपॉइंटच्या दृष्टीने एक स्लाइड गेली आणि दुसरी नवीन आली, म्हणजे परत सगळ्या शोमधून बाहेर. डुप्लिकेट केलेली स्लाइडही आपणहून कुठल्या शोमध्ये जात नाही. आणि या फाइलमधल्या स्लाइड दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केल्यात तर स्लाइड जातात, शो जात नाहीत, तिथे नव्याने बनवावे लागतात.

कळायचं कसं की काही गळलंय, तर संख्या लक्षात ठेवा. मी मूळ फाइलच्या १ नंबर स्लाइडच्या नोट्समध्येच लिहून ठेवतो, मॅनेजमेंट ८, स्टाफ १५, आयटी ११. फाइलमध्ये काही मोठा बदल केला की `Custom Shows...` उघडायचं, प्रत्येक शोवर `Edit...` करून उजवीकडच्या ओळी मोजायच्या. स्टाफच्या चौदा निघाल्या की लगेच कळतं, आणि त्याच विंडोत नवी ११ नंबर टिक करून `Add` आणि बाणाने वर.

मॅनेजमेंटमधल्या कोणी आयटीचं विचारलं तर

ही मला सगळ्यात आवडणारी सोय आहे. आठ स्लाइडचा शो चालू आहे, ७ नंबरचं चित्र पडद्यावर आहे आणि कोणीतरी विचारतं की माहिती सुरक्षित राहील का, बॅकअपचं काय. त्या स्लाइड फाइलमध्ये आहेत पण या शोमध्ये नाहीत. शो बंद करून, स्लाइड शोधून, परत सुरू करणं लोकांसमोर बरं दिसत नाही.

त्यासाठी आधीच आणखी एक छोटा शो बनवा, "आयटी तपशील", फक्त २२ ते २७. आयटीचा अकरा स्लाइडचा शो इथे वापरू नका, त्यात टायटल आणि प्रश्नोत्तरं परत येतात. मग ७ नंबरच्या स्लाइडवर कोपऱ्यात एक छोटा आकार काढा, तो सिलेक्ट करून `Insert` मध्ये `Link`, डावीकडे `Place in This Document`, यादीत अगदी खाली `Custom Shows` दिसतं, त्यात "आयटी तपशील" निवडा. आणि तिथेच खाली `Show and return` असा चौकोन आहे, त्यावर टिक करायचीच. टिक असेल तर सहा स्लाइड संपल्यावर पुढचं क्लिक तुम्हाला परत ७ नंबरवर आणतं आणि मॅनेजमेंटचा शो जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. टिक नसेल तर सहा स्लाइड संपल्या की शोच संपतो, काळा पडदा येतो, आणि वेळापत्रक, धोके दाखवायचे राहून जातात.

तो आकार तिन्ही शोमध्ये दिसणार, कारण स्लाइड एकच आहे, म्हणून तो लहान आणि फिक्या रंगाचा ठेवा, स्टाफसमोर कोणी तो दाबणार नाही. कोणी विचारलं नाही तर दाबायचाच नाही, पुढे जायचं. एकदा घरी बसून दाबून बघा आणि परत येतंय ना ते पाहा, `Show and return` ची टिक राहून जाणं ही फार होणारी चूक आहे.

फाइल पाठवताना मात्र सांभाळा

मीटिंग झाली, लोक म्हणतात पीपीटी पाठवा. इथे नीट लक्ष द्या. कस्टम शो म्हणजे वेगळी फाइल नाही. तुम्ही स्टाफचा शो सेट करून ती फाइल स्टाफला मेल केलीत तर त्यांच्याकडे तीसच्या तीस स्लाइड गेल्या, खर्च, धोके आणि नोट्स सगळ्यांसकट. शो मोडमध्ये सेव्ह केलेली पीपीएसएक्स फाइल उघडल्या उघडल्या सेट केलेला शो सुरू करते, त्यामुळे वाटतं की बाकीचं नाही आत, पण ती फाइल पॉवरपॉइंटमधून उघडली की सगळं दिसतं. लपवण्यासाठी कस्टम शोवर कधीच भरवसा ठेवू नका.

लोकांना फक्त वाचायला हवी असेल तर पीडीएफ द्या, आणि त्यासाठी शोची यादी थेट वापरता येते. `File` मध्ये `Export`, `Create PDF/XPS`, सेव्हची विंडो आली की तिच्यात `Options...` बटण असतं, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. त्यात `Range` खाली `Custom show` निवडा आणि शोचं नाव. पीडीएफमध्ये तेवढीच पानं येतात, तुमच्या शोच्या क्रमाने. प्रिंटलाही तसंच आहे, `File`, `Print`, `Settings` खाली जिथे `Print All Slides` लिहिलंय तो ड्रॉपडाउन उघडा, खाली तुमच्या शोंची नावं असतात.

कोणाला पीपीटीच हवी असेल, म्हणजे त्यांना स्वतः बदल करायचे आहेत, तर मात्र `Save As` करून वेगळी कॉपी काढा आणि शोमध्ये नसलेल्या स्लाइड त्या कॉपीतून खरोखर डिलीट करा, नोट्सही बघा. शो वेगळ्या फाइलमध्ये काढून देणारं बटण पॉवरपॉइंटमध्ये नाही, हे हातानेच करावं लागतं. डिलीट करताना मूळ फाइल उघडी नाहीये ना ते वरच्या पट्टीतलं नाव वाचून दोनदा बघा.

आणि पीडीएफ मेलला लावण्याआधी उघडून पानं मोजा. स्टाफची असेल तर पंधरा. तीस दिसली तर `Options...` मधलं राहिलं, चौदा दिसली तर कुठलीतरी स्लाइड डिलीट होऊन नवी आलीये आणि ती यादीत घालायची राहिलीये.